शेरेबाजी झाली

राहुरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष पालकांतला असतो, पण सचिव मुख्याध्यापकच. म्हणजे चहा सांगणं, सतरंजी घालणं आणि सभेचं इतिवृत्त लिहिणं ही तिन्ही कामं माझीच.

इतिवृत्त लिहायला मी ठेच खाऊन शिकले. पहिल्याच वर्षी एक सदस्य तावातावानं जे बोलला, ते मी शब्दाला शब्द अवतरणचिन्हांत लिहिलं, ‘ठेकेदार चोर आहे.’ कुणीतरी माहितीच्या अधिकारात त्या पानाची प्रत काढली. ठेकेदार बोलणाऱ्याच्या दारात उभा राहिला, बोलणारा माझ्या दारात. ‘मी असं बोललोच नाही, बाईंनी मनानं लिहिलं,’ असं तो चारचौघांत म्हणाला. आमच्या केंद्रप्रमुखांनी मला समोर बसवून सांगितलं, “बाई, कोण काय म्हणालं ते लिहायचं नाही. विषय काय होता, चर्चा झाली, काय ठरलं. झालं, ठरलं, मंजूर करण्यात आलं. बास. रागाचे शब्द कागदावर ठेवले की ते शिळे होत नाहीत.” पटलं. तेव्हापासून माझं इतिवृत्त पाण्यासारखं असतं, रंग नाही आणि वास नाही.

गेल्या वर्षी माझे मिस्टर गेले. सकाळी दाढी करताना खाली बसले, ते उठलेच नाहीत. तेराव्यानंतर मी शाळेत हजर झाले आणि त्याच आठवड्यात सभा होती. पहिला विषय दुखवट्याचा निघाला. सगळे दोन मिनिटं उभे राहिले, मीही राहिले. मग बसून मी लिहिलं, ‘मुख्याध्यापिका यांच्या पतीच्या निधनाबद्दल दुखवटा व्यक्त करण्यात आला.’ अक्षर चांगलं आलं. दुसऱ्या विषयाचा आकडा टाकला. मला काहीच वाटत नव्हतं. लोक म्हणत, बाई खंबीर आहेत. खंबीर कसली, बधिर झाले होते. दात काढायच्या आधी हिरडीला होतं तसं सगळ्या अंगाला झालं होतं.

पुढे तीनेक महिन्यांनी दुपारची खिचडी खाऊन तीन मुलांना उलट्या झाल्या. आरोग्य केंद्रात नेलं, संध्याकाळी मुलं घरी आली आणि दुसऱ्या दिवशी पटांगणात हुंदडत होती. पण गाव तापलं. आमच्या शाळेत स्वयंपाक करणारी बाई माझ्याच वयाची. नवरा जाऊन तिला सहा वर्षं झालेली, आणि या कामावरच तिचं घर. तिला काढायचं की ठेवायचं, हे समितीच्या हातात होतं. तातडीची सभा बोलावली आणि तिलाही बाजू मांडायला बसवलं.

मी सांगितलं की त्या दिवशी वाढण्याआधी खिचडीची चव मीच घेतली होती, नोंदवहीत माझी सही आहे, आणि बाजूला काढून ठेवलेला नमुनाही आहे. उलटी झालेल्या एका मुलाचा बाप समितीत होता. तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. बोट रोखून म्हणाला, “नवऱ्याला खाल्लं, आता आमची पोरं खायला निघाली ही.”

ती ताडकन उठली. “व्हय! उद्या इषच कालवते खिचडीत, मग बघा!”

अध्यक्ष म्हणाले, “विषयाला धरून बोला सगळ्यांनी.” बाप माझ्याकडे वळला. “बाई, लिहा. तिनं इष म्हनलं ते जसंच्या तसं लिहा.”

ते जसंच्या तसं लिहिलं असतं तर तिचं काम त्याच क्षणी गेलं असतं, आणि पुढंमागं एखाद्या मुलाचं पोट दुखलं असतं तरी पोलीस तोच कागद घेऊन तिच्या दारात आले असते. मी लिहिलं, ‘पोषण आहाराबाबतच्या तक्रारीवर चर्चा झाली. स्वयंपाकी यांनी आरोप नाकारले. सभेत वैयक्तिक स्वरूपाची शेरेबाजी झाली. अध्यक्षांनी विषयाला धरून बोलण्याची सूचना केली. अन्नाचा नमुना तपासणीस पाठविण्याचे व अहवाल येईपर्यंत स्वयंपाकी यांना कामावर ठेवण्याचे ठरले.’

अहवालात काही निघालं नाही. पुढच्या सभेत रीतीप्रमाणे मागचं इतिवृत्त मी वाचून दाखवलं. बाप उठला, “यात इषाचं कुठंय?” मी म्हटलं, “इतिवृत्तात ठराव असतो, भांडण नसतं. तुमचा आक्षेप नोंदवते.” नोंदवला, ‘एका सदस्याने मजकुरास आक्षेप घेतला. इतिवृत्त बहुमताने कायम करण्यात आले.’ तिचं कामही कायम झालं. मला जरासं बरं वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भांडी घासून ती ऑफिसात आली. मला वाटलं आभार मानायला आली.

“बाई, त्यो मला काय बोल्ला ते लिवलं न्हाई तुमी.”

“तुमचंही नाही लिहिलं, ताई. म्हणून तर काम राहिलं.”

“काम ऱ्हायलं, ते खरंय. पन मला शाळेत सांगितलं बाकीच्यांनी, कागदात काय हाय ते. शेरेबाजी झाली. कुनी केली? वाचनाराला वाटंल, दोगंबी सारकीच. त्यो आदी बोल्ला, मंग मी बोलले. माजं बी लिवा. जाऊ दे काम गेलं तर.”

“ताई, ते आता कायम झालंय. त्यात बदल करता येत नाही.”

ती म्हणाली, “तुमी तितंच हुत्या. तुमाला काय वाटलं वो ते ऐकून? ते तर तुमाला बी लागतंय.”

“काही नाही वाटलं,” मी म्हटलं. खरं तेच होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, आजारी माणसाकडे बघतात तशी. म्हणाली, “व्हय. लिवलंय बी तसंच.”

आणि वळली. मला तिचा राग आला. हिची नोकरी वाचवली आणि ही मलाच सुनावतेय! कित्येक महिन्यांनी मला कशाचा तरी राग आला होता. “थांबा,” मी ओरडलेच.

इतिवृत्ताच्या वहीला मी हात लावला नाही. तो नियम बरोबरच आहे आणि मी आजही तो पाळते. पण झालेली गोष्ट त्या वहीत मावत नाही म्हणून झालीच नाही, असं थोडंच असतं? साधा कोरा कागद घेतला. त्याचं वाक्य लिहिलं, कोण बोललं ते लिहिलं. खाली तिचं वाक्य, विषासकट. कोण आधी, कोण नंतर. शेवटी लिहिलं, ‘हे मी माझ्या कानांनी ऐकले.’ सही केली, शिक्का मारला नाही. उद्या यावरून कज्जा झाला तर साक्षीला मीच जाणार होते, हे मला कळत होतं.

कागद तिच्यापुढे धरला. तिनं घेतला नाही. “वाचून दावा. मला जोडाक्षरं लागत न्हाईत.”

मी वाचायला लागले. दर महिन्याला वाचते तशीच, सरळ आवाजात. तारीख वाचली, जागा वाचली. मग त्याचं वाक्य आलं. “नवऱ्याला,” एवढं वाचलं आणि पुढचा शब्द तोंडातून फुटेना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकले. सगळी अक्षरं ओली दिसू लागली.

तिनं दार लोटून घेतलं आणि माझ्याशेजारी ऑफिसात पडलेल्या मुलांच्या जुन्या बाकावर बसली. “वाचा,” ती म्हणाली. “मला काय घाई न्हाई.”