गजाचा हेवा

बोर्डिंगमध्ये राहिलेले दोघे म्हातारे कुठे लग्नाबिग्नाला भेटले की जेवणाची पंगत उठते, पण ते उठत नाहीत. एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो. माझी अडचण एवढीच, की माझ्या निम्म्या किश्श्यांत गजानन असतो, आणि तो असला की मी जळत असतो. आता लपवून काय करायचंय?

एकोणीसशे अठ्ठावन्न साल. मी कणकवलीच्या पलीकडचा, वडील तिथे शाळामास्तर. गजा देवगडकडचा, घरी होडी आणि जाळी. दोघेही आठवीला मालवणच्या बोर्डिंगात आलो. चाळीस मुलं, एक लांब हॉल, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. आमचे सुपरिंटेंडेंट सामंत सर. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता ते आम्हाला ओसरीवर बसवून बोलत. त्याला आम्ही 'सरांचं लेक्चर' म्हणायचो.

पहिलं लेक्चर घरच्या आठवणीवर झालं. सर म्हणाले, "आठवण दिवसभर येत नाही. ती दिवेलागणीला येते, घरी सगळे एकत्र असतात तेव्हा. म्हणून त्या तासाला कुणी रिकामं बसायचं नाही. एकटं तर मुळीच नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला कामं वाटली गेली. दोघादोघांची जोडी. कुणी कंदिलाच्या काचा राखेने पुसायच्या, कुणी विहिरीवरून पाणी आणायचं, कुणी कुळीथ निवडायचे. माझी जोडी गजाशी, काचांवर. मी नाक ओढत काच पुसत होतो. हा आपला शीळ घालत होता.

मी चिडून विचारलं, "तुका घरची याद येना नाय?"

"येता मां."

"मगे?"

"येवंदे. ती काय काच फोडता?"

त्याच क्षणी माझ्या हातातली काच फुटली.

* * *

मग पत्रांची गोष्ट. सरांचा नियम होता, दर शनिवारी घरी कार्ड टाकायचं. पण टाकण्याआधी त्यांना दाखवायचं. मजकूर ते वाचत नसत, फक्त प्रश्नचिन्हं मोजत.

"'मी खुशाल आहे, आपली खुशाली कळवावी' असं लिहिलंत, तर तेच उलट येणार. घरच्यांना काहीतरी विचारा. विचारलं तर त्यांना उत्तर लिहावं लागतं. आणि उत्तर आलं की तुम्ही घरातच असता."

माझ्या कार्डावर प्रश्नचिन्ह नसायचं. गजाच्या कार्डावर सात. त्याच्या आईला लिहिता येत नव्हतं. ती शेजारच्या पोरीला पुढ्यात बसवून सांगायची आणि ती पोरगी शब्दन् शब्द उतरवायची. गजा ती पत्रं हॉलमध्ये मोठ्याने वाचायचा, आणि पोरं जेवण सोडून ऐकायची. मला वडिलांच्या दोन ओळी यायच्या. त्यातली एक पत्ता.

एका शनिवारी गजा पाणी आणायला गेला होता. त्याचं कार्ड ट्रंकेवर पडलेलं. मी त्यातले प्रश्न भराभर माझ्या कार्डावर उतरवले आणि टाकून मोकळा झालो.

आठ दिवसांनी वडिलांचं उत्तर आलं. 'चि. वसंतास आशीर्वाद. आपल्याकडे होडी नाही. त्यामुळे ती रंगवून झालेली नाही. प्रकृतीस जपावे.'

सरांनी त्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बघ, नेहमीपेक्षा एक ओळ जास्त आली."

* * *

अभ्यासात तरी याला मागे टाकायचं, असं मी ठरवलं. पहाटे उठून पुस्तक उघडायचो, ते जेवायची घंटा होईपर्यंत मिटायचो नाही. गजा पाऊण तास बसायचा, मग पुस्तक मिटून माडांमध्ये फिरायचा, स्वतःशीच बडबडत. संध्याकाळी हुतुतू खेळायचा. आणि सहामाहीला भूमितीत तो पहिला, मी तेरावा.

मी सरळ सरांकडे गेलो. "सर, गजाने कॉपी केली."

सरांनी गजाला बोलावलं, पाटी हातात दिली आणि म्हणाले, "वसंताला त्रिकोणाच्या तीन कोनांचं प्रमेय समजावून दे. पुस्तक बघायचं नाही."

गजाने त्रिकोण काढला. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली. "ह्यो कोन बग. तो हंय गेलो. ह्यो दुसरो, तो थंय गेलो. आता वर तीन जमले. झाली मां सरळ रेघ?" मध्येच एका ठिकाणी तो अडला. डोकं खाजवलं, पुसलं, पुन्हा सांगितलं. मीच एके ठिकाणी म्हणालो, "अरे, हे व्युत्क्रम कोन ना?"

"व्हय, तोच शब्द माका आठवना नाय व्हतो."

सर म्हणाले, "तो माडांना शिकवत फिरतो, वसंता. मिटलेल्या पुस्तकातलं जे सांगता येतं, तेवढंच आपलं. उघड्या पुस्तकापुढे बसलं की सगळंच आपल्याला येतं असं वाटतं." मग पाटी पुसून माझ्या हातात दिली. "आता तू कॉपी कर."

मला ते प्रमेय अजून येतं. गजाच्या मालवणीत येतं.

* * *

देवाच्या बाबतीत मात्र मी निर्धास्त होतो. सरांनी सांगितलं होतं, "इथे एकच प्रार्थना सगळ्यांवर लादणार नाही. तुमच्या घरी दिव्यापुढे जे म्हणतात, ते म्हणा. त्याच वेळेला, त्याच शब्दांत. घरी आईही त्या वेळेला तेच म्हणत असेल."

रोज एकाची पाळी. मला रामरक्षा तोंडपाठ. मी डोळे मिटून, एकही उच्चार न चुकवता म्हटली. डोळे उघडले तर चार पोरं डुलक्या घेत होती.

दुसऱ्या दिवशी गजाची पाळी. त्याला एकही स्तोत्र येत नव्हतं. मी खूश. तो उभा राहिला, हात जोडले आणि देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी चाळीस लेकरां आवशी-बापाशीक सोडून हंय शिकूक इली आसत."

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल घुमला. झोपणारे चौघेही.

"पेजेत खडे गावतत, ते कमी कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि वसंताच्या मनात माझ्याबद्दल जा काय वाकडा आसात, ता सरळ कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

ओघात मीही म्हणालो होतो.

* * *

अकरावीच्या वर्षी, जूनमध्ये सर आजारी पडले. नवी पोरं नुकतीच आली होती आणि पहिलं लेक्चर कुणीतरी द्यायला हवं होतं. मी आठ दिवस मनात भाषण जुळवत होतो. सरांनी गजाला सांगितलं.

मी ओसरीच्या कडेला बसलो, तो चुकेल कुठे ते बघत. तो चुकला नाही. दिवेलागणीला रिकामं बसू नका, पत्रात विचारा, पुस्तक मिटून बोला, घरचं देवाचं सोडू नका, सगळं त्याने सांगितलं. आमच्या हॉलमध्ये वळकट्या कशा ओळीने लागतात, तेही दाखवलं.

तेवढ्यात मसुऱ्याचा एक नवा पोरगा उठला. म्हणाला, "सगळ्यांका बरा वाटता हंय. माकाच रडू येता. माका बाकीच्यांचो हेवो वाटता. तेका काय करायचा?"

सरांनी यावर काही सांगितलेलं नव्हतं.

"जेचो हेवो वाटता," गजा सावकाश म्हणाला, "तेच्या बाजूक आपली वळकटी घाल. तो उशीत तोंड खुपसून रडता, ता आयकूक येता. मगे हेवो ऱ्हवना नाय."

"तुमी कोणाच्या बाजूक घातल्यात?"

गजा पहिल्याच आठवड्यात खिडकीजवळची वाऱ्याची जागा सोडून माझ्या शेजारी आला होता. का, ते मी तीन वर्षांत विचारलं नव्हतं.

"ता वसंताक इचार," तो म्हणाला.

सगळी पोरं माझ्याकडे बघू लागली. मी उठलो आणि कंदील आणायला आत गेलो.