गुप्त नावाची राखण

देऊळगाव राजाच्या त्या बियाणे कंपनीत मी प्रयोगशाळेत होते, कंत्राटावर. ओल्या कागदाच्या गुंडाळीत दाणे ठेवायचे, आठ दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे, हे आमचं काम. मोजणी कधीच एकटीने व्हायची नाही. एकीने मोजायचं, दुसरीने ताडून पाहायचं. माझ्या समोर ताई बसायच्या. वयाने मोठ्या, नोकरीत कायम, आणि बोलायला लागल्या की धाड गावच्या बाजारातल्यापेक्षा मोठा आवाज.

सोयाबीनचा एक जुना लॉट उगवणीत सपशेल पडला. आम्ही तसं लिहून दिलं. पुढच्या आठवड्यात त्याच लॉटच्या पिशव्यांवर नवीन लेबलं लागताना मी गोदामात पाहिली. उगवण उत्तम, असं छापलेलं. पेरणी तोंडावर आली होती. प्रयोगशाळेच्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "तुमचं काम मोजायचं."

जेवणाच्या खोलीत कंपनीचं एक धोरण लावलेलं होतं. गैरप्रकार दिसला तर कुठे कळवायचं, ते त्यात होतं. वरिष्ठाविरुद्ध तक्रार असेल तर थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे, बंद पाकिटात. नाव वेगळ्या कागदावर, म्हणजे मजकूर चौकशीला गेला तरी नाव अध्यक्षांकडे आणि चौकशी करणाऱ्याकडेच राहतं. तक्रार करणाऱ्याला किंवा साक्ष देणाऱ्याला त्रास द्यायचा नाही. कंत्राटी माणसांनाही लागू. आम्ही त्या कागदाखाली रोज डबे खायचो, वाचला बहुधा मी एकटीनेच. कुणाला सांगू नका, असंही त्यात होतं. म्हणून ताईंनाही सांगितलं नाही. पाकीट टपालात टाकलं.

लॉट थांबला. मुख्य कार्यालयातून चौकशीला एक गृहस्थ आले. माझा संशय कुणाला येऊ नये म्हणून त्यांनी सगळ्यांनाच एकेक करून बोलावलं. मला तर मुद्दाम खूप वेळ बसवलं, तेच ते फिरवून विचारलं. ताईंना मोजणी बरोबर होती का एवढं विचारलं, सही घेतली, सोडलं. गृहस्थ शहाणे होते, पण आमच्या लोकांचं डोकं त्यांना ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत कारखान्यात निकाल लागला: जिला काही विचारलं नाही, तिने आधीच सगळं लिहून दिलंय.

दोनच दिवसांत ताई गोदामात. "सीझनचा लोड आहे," साहेब म्हणाले. त्यांच्यावरची चौकशी चालूच होती, पण खुर्ची अजून त्यांचीच होती. ताईंचे गुडघे दुखायचे. तिथे दिवसभर उभं राहून पिशव्यांवर नजर ठेवायची. डब्याला त्यांच्याजवळ कुणी बसेना. मी बसले तर त्याच म्हणायच्या, "जाय व तिकडं." मला राग यायचा, स्वतःचा, साहेबांचा, भिंतीवरच्या त्या गुळगुळीत कागदाचा. मी सुरक्षित होते, धोरण चोख पाळलं जात होतं, आणि मार भलतीच बाई खात होती.

मी पुन्हा लिहिलं. साक्षीदारालाही संरक्षण आहे, तिची बदली हा सूडच आहे, आणि तक्रार माझी आहे हे जाहीर करायला माझी हरकत नाही, असं स्पष्ट. उत्तर यायला इतका वेळ लागला की मी वाट बघणं सोडून दिलं होतं. मग एका सकाळी बदली रद्द झाल्याचं पत्र आलं, आणि साहेबांना चौकशी संपेपर्यंत घरी बसवलं. माझं नाव कुठेच नव्हतं.

ताई परत समोर येऊन बसल्या. थकलेल्या दिसत होत्या. मी म्हटलं, "ताई, ती तक्रार..."

"मले म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगन? त्या लाटचे कोंब आपन दोघींनीच मोजले. म्या लेहेलं नाही. मंग कोनं लेहेलं?"

"मग साहेबांना सांगायचं ना, मी नाही म्हणून!"

"सांगतलं असतं त तुले गाठलं असतं. माही नौकरी पक्की हाय, मले लई त लई गोदामात टाकतीन. तुले कायले टाकतीन? पुढचा कागदच देत नाहीत. त्याले बदली म्हनत नाहीत ना सूड. धोरनात लेहेलं हाय काय ते?"

नव्हतं. कंत्राट संपू देणं हा त्रास असतो, असं तिथे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तो कागद इतक्यांदा वाचला होता आणि मला हे सुचलं नव्हतं. मला तिथेच रडू आलं.

माझं नाव गुप्त ठेवायची जबाबदारी अध्यक्षांची होती. ठेवलं ताईंनी, गोदामात उभं राहून.

"रडू नको व, कागद भिजला आधीच," म्हणाल्या, आणि गुंडाळी उलगडून मोजायला लागल्या. मी ताडत गेले.