दहा वाजता

"सूनबाई, आज आपल्या इकडच्या दहाला डॉक्टरांना विचार, ऑपरेशन करू की नको. दुपारी बाराला ते महिनाभराच्या रजेवर निघतात. आणि उपकार केल्यासारखं तोंड करू नकोस."

सासूबाईंचा हा निरोप आला तेव्हा सून प्रवासात होती, घड्याळ चार तास मागे असलेल्या शहरात. ती कॅलेंडरचं ॲप बनवायची. रोजच्या गोळीची आठवण तिने 'जिथे असू तिथल्या वेळेला' लावली होती. घाईत त्याच नोंदीची नक्कल करून तिने डॉक्टरांना करायच्या फोनची आठवण टाकली. घरचा टाइमझोन लावायचा राहिला.

इथे दहाला मोबाइल वाजला. घरी दोन वाजले होते.

काचेच्या खोलीत ग्राहक विचारत होता, "मॅडम, तुमच्या ॲपमध्ये वेळ चुकत नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. उठताही येईना. सासूबाईंचा प्रश्न विचारायचा राहिला, तो राहिलाच.