चाळीसपैकी चाळीस

सरांनी मला वर्गातून उठवलं ते कप उचलायला.

नववीत होते मी. गणिताच्या दुसऱ्या घटक चाचणीचे पेपर वाटणं चाललं होतं. माझे बाबा त्याच शाळेत शिपाई. त्या दिवशी तापाने घरी झोपलेले. सरांनी माझा पेपर हातात धरला, गुण वाचले, "वीसपैकी पंधरा," आणि पेपर न देताच म्हणाले, "तुझा बाप आज नाही ना? जा, स्टाफरूममधले कप उचल आणि धुऊन ठेव. मग ये पेपर न्यायला."

वर्ग हसला. सगळा नाही, पण जेवढा हसला तेवढा पुरे होता.

मी गेले. आज राग येतो तो त्याचाच, की पाय आपसूक चालायला लागले. अकरा-बारा कप. एकात सिगारेटचं थोटूक. शाळेत सिगारेट ओढायची नाही असं दारावर लिहिलेलं, ती पाटी बाबांनीच ठोकलेली. धुतले कप. परत आले तर पेपर माझ्या बाकावर पडलेला आणि पुढचं गणित फळ्यावरून पुसूनही झालेलं.

आम्ही पळस्प्याच्या पुढच्या बौद्धवाड्यातले. शाळा पनवेलात, चांगल्या नावाची. शिपायाची मुलगी म्हणून मला तिथे घेतलं, हे मला पाचवीपासून ऐकवलेलं. बाबा तिथे वीस वर्षं घंटा देतात, पाणी भरतात, चहा नेतात. सर त्यांच्यापेक्षा वयाने लहान, पण "रमेश, इकडे ये." बाबा त्यांना "सर, तुमी बोलवलंत?" म्हणत, तर मागून कुणीतरी "तुमी, आमी" करून दाखवायचं. बाबांना ऐकू जायचं. बाबा हसायचे. त्या हसण्याची मला किळस यायची आणि मग किळस आली म्हणून रडू यायचं.

आता तुकडीचं सांगते. आमच्या शाळेत दहावीला एक विशेष तुकडी असते. सकाळी सातला जादा तास, चांगले शिक्षक, दर आठवड्याला सराव पेपर. वेगळे पैसे नाहीत. बाकीच्या पोरांना बाहेर क्लास लावावा लागतो, आणि आम्हाला क्लास परवडणार नव्हता हे घरात कुणी बोललंही नव्हतं, इतकं ते ठरलेलं होतं. ती तुकडी मिळाली तर दहावीला गणित सुटणार, गणित सुटलं तर सायन्स. दुसरा रस्ता नव्हता.

तुकडीची निवड गणिताच्या तीन घटक चाचण्यांवर. पहिली वीस गुणांची, दुसरी वीसची, शेवटची चाळीसची कारण ती सगळ्या धड्यांवर. सरांनी स्वतः फळ्यावर लिहून सांगितलं होतं. वीस अधिक वीस अधिक चाळीस, ऐंशी. ऐंशीचे ऐंशी टक्के, चौसष्ट. "तिन्ही पेपरांचे मिळालेले गुण मिळवा. चौसष्ट झाले तर आत, नाहीतर बाहेर. कळलं?" सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

पुढच्या रविवारी दुपारी आई कामाला गेलेली. बाबा ओट्यावर बोंबील साफ करत बसलेले. मी म्हटलं, "बाबा, शेवटच्या चाचणीत किती लागतील ते बघायचंय."

त्यांनी हात धुतले. खिशातून खडूचा तुकडा काढला. त्यांच्या खिशात खडू कायम. ओट्याच्या काळ्या कडप्प्यावरच लिहायला लागले.

पहिल्या चाचणीत तेरा. दुसरीत पंधरा. अठ्ठावीस.

"चौसष्टातून अठ्ठावीस गेले," बाबा म्हणाले आणि बोटांवर मोजून थांबले. "छत्तीस लागतील, बाय. चाळीसातले छत्तीस."

"म्हणजे नव्वद टक्के. मला आजवर पंच्याहत्तरच्या वर पडलेले नाहीत."

"पन पडतील त्ये. चार गुन सोडायला हायेत ना? चार कुठं सोडायचे ते बघू."

आणि आम्ही खरंच ते बघत बसलो. पेपराचा साचा मला पाठ होता. एकेक गुणाचे आठ प्रश्न, दोन-दोनचे आठ, चार-चारचे चार. आठ, सोळा, सोळा. चाळीस. म्हणजे चार गुणांचं एक गणित गेलं तर बाकी कुठेही एक गुणसुद्धा जाता कामा नये. एक गुणाचे प्रश्न घाईत चुकतात, तर ते शेवटी पुन्हा तपासायचे. भूमितीतली रचना मला जमत नव्हती. बाबा म्हणाले, "तीच सोड. नाय जमत त्यावर टाइम नाय घालवायचा." पण रचनेतसुद्धा कच्ची आकृती काढली की एक गुण मिळतो, हे मला माहीत होतं. म्हणजे तिथे तीनच जाणार. एक गुण हातात शिल्लक. त्या एका गुणावर आम्ही दोघं इतके खूश झालो की बोंबील मांजराने नेला तरी कळलं नाही.

बाबांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. ताठ बसलेले. शाळेत त्यांची मान नेहमी खाली असते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते स्टाफरूममध्ये चहा देताना सांगितलं. न राहवून. "सर, आमच्या पोरीला छत्तीस पायजेत." सर म्हणाले, "रमेश, तुमच्या पोरांना कशाला इतकी धावपळ? पुढे सवलत आहेच की." हे मला बाबांनी सांगितलं नाही. दाराबाहेर मीच उभी होते.

चाचणी झाली. महिनाभर मी बहुपदी, समीकरणं, सांख्यिकी सगळं घोटलं होतं. रचना सोडून सगळं सोडवलं, तिथे कच्ची आकृती तेवढी काढली. एकेक गुणाचे प्रश्न दोनदा तपासले. पेपर मिळाला. सदतीस.

तेरा, पंधरा, सदतीस. पासष्ट. लागत होते चौसष्ट.

बाबांनी मधल्या सुट्टीची घंटा त्या दिवशी जरा जास्तच वाजवली.

यादी शुक्रवारी वर्गाच्या ग्रुपवर आली. माझं नाव नव्हतं. मला वाटलं चुकून राहिलं. सानिकाचं होतं. ती माझ्याच बाकावर बसायची, शाळेच्या एका विश्वस्तांची नात. तिला सतरा, अठरा आणि शेवटच्या पेपरात सव्वीस होते. एकसष्ट. ती स्वतःच म्हणाली होती, "माझं गेलं, तीन कमी पडले." आता ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचा राग नाही मला. यादी काही तिने केली नव्हती.

मी आणि बाबा मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेलो. सर तिथेच होते. मी विचारलं, माझे पासष्ट आहेत, नाव का नाही?

सर म्हणाले, "या वर्षी निवड समितीने प्रत्येक चाचणीचे टक्के काढून त्यांची सरासरी घेतली. तेच शास्त्रीय आहे."

"पण तुम्ही फळ्यावर गुण मिळवायला सांगितलं होतं."

"आता तू मला गणित शिकवणार?"

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. वीसात तेरा म्हणजे पासष्ट टक्के. पंधरा म्हणजे पंच्याहत्तर. चाळीसात सदतीस म्हणजे साडेब्याण्णव. तिन्हींची बेरीज दोनशे साडेबत्तीस, भागिले तीन, साडेसत्याहत्तर. बाहेर. सानिकाचे पंच्याऐंशी, नव्वद, पासष्ट. दोनशे चाळीस. भागिले तीन, बरोबर ऐंशी. आत. एक कमी नाही, एक जास्त नाही. गुण हातात आल्यावर बसून, कोण आत येतंय ते बघून, रीत निवडली होती. वीसच्या पेपराला चाळीसच्या पेपराइतकंच वजन दिलं की झालं.

मग मी उलटं मांडलं. या रीतीने मला किती लागले असते? तीन चाचण्यांचे मिळून दोनशे चाळीस टक्के हवेत. माझे आधीचे पासष्ट आणि पंच्याहत्तर, एकशे चाळीस. उरले शंभर. चाळीसपैकी चाळीस. एकोणचाळीस पडले असते तरी मी बाहेरच. आम्ही ओट्यावर एकेक गुण जपून ठेवत बसलो होतो, आणि आमच्याकडे सोडायला एकही नव्हता.

मी हे सगळं बोलून दाखवलं. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. काही फरक पडला नाही. बरोबर उत्तर आलं म्हणून कुणी घाबरत नाही, हे मला त्या खोलीत कळलं.

मुख्याध्यापिका गोड बोलायच्या. म्हणाल्या, "रमेश आपलाच माणूस आहे. आपण हिला विशेष बाब म्हणून घेऊ. फक्त एक विनंती अर्ज लिहून दे, बाळ. मी गुणवत्तेत पात्र ठरत नाही, तरी माझ्या परिस्थितीचा विचार करून सहानुभूतीने प्रवेश द्यावा. एवढंच."

कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

बाबांनी लगेच खिशातलं पेन काढलं. टोपण काढून माझ्या हातात दिलं. "लिव, बाय. लिवून टाक. मॅडम देव मानूस हायेत."

सर हसत होते. त्यांना हेच हवं होतं. नाव पात्र मुलीचं नको, भीक मागितलेल्या मुलीचं हवं. मग वर्षभर म्हणायला मोकळे की हिला आम्ही घेतली.

मी पेन टेबलावर ठेवलं.

"मी पात्र आहे. पात्र नाही असं लिहिणार नाही."

"मग तुकडी नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. आता गोड नव्हत्या.

"नको."

बाबा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "लहान हाय ती, मॅडम, कळत नाय तिला." मी त्यांचा एक हात धरून खाली ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि पुन्हा जोडला. ते मला अजून दिसतं.

घरी येताना ते रिक्षात एकच वाक्य बोलले. "माझी नोकरी तिथंच हाय, बाय." मग खूप दिवस बोललेच नाहीत. ओट्यावर खडूने लिहिलेलं आईने कधीच पुसून टाकलं होतं.

पुढे काय झालं ते सरळ सांगते. दहावीला गणितात अठ्ठावन्न पडले. सायन्स मिळालं नाही. सानिकाला मिळालं. बाबा अजून त्याच सरांना चहा देतात. मी नवीन पनवेलला एका झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर उभी असते आणि बाहेरून कॉमर्स करते. लिहिला असता अर्ज तर आज वेगळं असतं, असं आई म्हणते. असेलही. मी ते नाकारत नाही. पेटून उठले, रात्रंदिवस शिकून मोठी झाले, असलं काही माझ्याकडे सांगायला नाही.

दुकानात प्रवेशाच्या वेळी आयाबाप येतात, हातात पोरांनी लिहिलेले अर्ज. 'मी पात्र नसूनही' असं वाचलं की मी मशीन थांबवते. विचारते, किती गुण आहेत, कसे मोजले, रीत आधी लेखी दिली होती का. बरेचसे घाबरतात, कागद उचलून पुढच्या दुकानात जातात. मालक ओरडतो, गिऱ्हाईक घालवतेस म्हणून. एक दिवस मला काढेल.

काढू दे. मी विचारणं सोडणार नाही.