कुड यू एबल टू

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास मी तिथं बी.एड. करत होते. गावोगावी हायस्कुलं निघणार, इंग्रजीची माणसं लागणार, असं सगळे म्हणायचे. पण पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. होस्टेलच्या विहिरीनं तळ दाखवला होता आणि पुढच्या वर्षी होस्टेल चालेल का, हे कुणालाच माहीत नव्हतं. देवणीला आमचं किराणा दुकान. वडिलांनी निघताना एवढंच सांगितलं होतं, की यंदा झालं तर झालं, न्हाई तर घरी यायचं.

फायनल लेसनला, म्हणजे वर्गावर शिकवून दाखवायच्या परीक्षेला, बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांनी मागच्या वर्षी एका मुलीला शिकवता शिकवता वर्गातच थांबवून खाली बसवलं होतं, अशी ख्याती होती. मला आठवीच्या मुलींना इंग्रजीत विनंती कशी करावी ते शिकवायचं होतं. तो धडा घेऊन मी आमच्या इंग्रजीच्या सरांकडे गेले. सर लातूरचेच, जुन्या मुसलमान घराण्यातले, हैदराबादेत शिकलेले. आपल्याकडच्या मुली हमखास ‘कुड यू एबल टू’ म्हणतात, कारण शकणं म्हणजे एबल हे त्यांनी पाठ केलेलं असतं, असं ते म्हणाले.

“बेटा, कुडमध्येच शकणं आलं. मग आणखी एबल कशाला? कुड यू हेल्प मी, बस. एबल पाहिजेच असेल तर वुड यू बी एबल टू. आणि प्लीज म्हटलं की काइंडली नको. एकदा नमस्कार केला, पुरे.”

खेळही त्यांनीच सुचवला. बाईंनी बरोबर विनंती केली तर मुलींनी ती करायची. चुकीची केली तर हात बाकावर ठेवून गप्प बसायचं.

लेसनचा दिवस आला. परीक्षक मागच्या बाकावर बसले, शेजारी आमचे सर. मी फळ्यावर वाक्यं लिहिली तेव्हा खडू दोनदा तुटला. पण खेळ सुरू झाला आणि मुली रंगल्या. ‘कुड यू क्लोज द विंडो, प्लीज’ म्हटलं की खिडकीजवळची मुलगी उठे. ‘कुड यू एबल टू क्लोज द विंडो’ म्हटलं की सगळा वर्ग दगडासारखा बसे. मला जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात परीक्षक उठले. मुलींना धडा कळला का, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. ते पुढं आले आणि भारदस्त आवाजात म्हणाले, “गर्ल्स, कुड यू एबल टू ओपन युवर बुक्स?”

एकही पुस्तक उघडलं नाही.

सगळ्यांचे हात बाकावर. पुढच्या बाकावरची एक मुलगी तर मान ताठ करून माझ्याकडे बघून हसली, बरोबर ओळखलं ना, अशी. परीक्षकांनी तेच वाक्य पुन्हा, जोरानं म्हटलं. वर्ग हलेना. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होताना मला दिसत होत्या. ‘उघडा गं’ म्हणावं तर शिकवलेलं खोटं ठरत होतं, न म्हणावं तर साहेबांचा अपमान. मागं आमचे सर खाली बघत बसले होते. शेवटी मीच कशीबशी बोलले, “कुड यू ओपन युवर बुक्स, प्लीज?” सगळी पुस्तकं एकदम उघडली. तो आवाज मला फटाक्यासारखा वाटला.

लेसन संपल्यावर त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. मी उभी राहिले, खुर्चीची पाठ धरून.

“मुली माझं का ऐकेनात?”

मी खेळ सांगितला. चुकीची विनंती असेल तर हलायचं नाही, असं ठरलं होतं, हेही सांगितलं.

“म्हणजे मी चुकीचं बोललो?”

बाहेर टँकर आल्याचा गलका चालला होता. मला वाटलं, आता नाही म्हणावं आणि सुटावं. पण तोंडातून वेगळंच निघालं.

“हो सर. कुडनंतर क्रियापद थेट येतं. एबल तिथं बसत नाही.”

ओठातल्या ओठात ते वाक्य त्यांनी दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहिलं. “जा,” म्हणाले. ना रागावले, ना हसले.

निकाल लागेपर्यंत मला नीट जेवण गेलं नाही. वर्गातली प्रत्येक मैत्रीण मला धीर द्यायची आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर दिसायचं, की ही गेली. निकालाच्या दिवशी वडील आले होते. यादीपाशी जायची माझी छाती झाली नाही, तेच गर्दीत शिरले. बाहेर आले आणि नुसती मान हलवली. पास.

स्टँडसमोर चहा घेताना मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी बशी खाली ठेवली. “सायबाला तोंडावर असं बोलायचं असतंय का गं?” ते हळूच म्हणाले आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागं वळून बघितलं.