देवनागरीतले फोटोसिंथेसिस

मी पदवीधर झालो तो मोहगावच्या शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या बाईंमुळे. यंदा नोकरी टिकवण्यासाठी बाईंना ऑनलाइन परीक्षा द्यावी लागली. मराठी उत्तर चालेल, असे सूचनेत होते. बाईंनी मराठीत लिहिले, 'फोटोसिंथेसिस'ही देवनागरीत. संगणक तो शब्द फक्त इंग्रजी अक्षरांत शोधत होता. सापडला नाही, म्हणून शून्य; तेवढ्या गुणांनी बाई नापास.

उत्तरे तपासणाऱ्या सौंसरच्या कार्यालयातच मी काम करतो. साहेबांना दाखवले.

"उत्तर तं बरोबर आहे," ते हसले. "पुढच्या खेपेपासून देवनागरी शब्दही टाकून देऊ. लागलेला निकाल नाही बदलत आपण. बाईले सांग, आता संत्री विका म्हणा."

मी बाईंना पत्र लिहिले: 'तुमचे उत्तर बरोबर होते. नियम बदलला आहे. तुम्ही नापासच आहात.'