हिरव्या ठिपक्याचा संशय

त्या उन्हाळ्यात आम्ही लागोपाठ अकरा मॅच हरलो आणि माझी खात्री पटली, की आमच्यातलाच कुणीतरी मुद्दाम हरतोय.

आम्ही तिघं होतो. माझी आतेबहीण, म्हणजे ताई, जी शाळेत गणित शिकवायची आणि दुपारी दोनला घरी यायची. धूलकोटचा माझा एक वर्गमित्र, ज्याच्या घरची केळीची बाग होती. आणि मी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मोबाइलवरचा तीन विरुद्ध तीन असा गोळीबाराचा खेळ. एका राउंडमध्ये मेलात की पुढच्या राउंडपर्यंत नुसतं बघत बसायचं. सात राउंड आधी जिंकेल त्याची मॅच. जिंकलं की रँक वर, हरलं की खाली. मी ताईच्या सिंधीपुऱ्यातल्या घरी माडीवर बसून खेळायचो, मित्र आपल्या गावाहून. कानात एकमेकांचे आवाज. वेळ ठरलेली, पाच ते सात.

ताई आमची कप्तान. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, की सलग दोन मॅच हरलो की थांबायचं. मी हो म्हणायचो आणि तिसरी लावायचो.

"एकच, ताई. गेलेली रँक परत घेऊ दे."

"तू टिल्ट झालाय," ती म्हणायची. डोकं तापून माणूस खेळायच्या ऐवजी भांडायला लागतो, त्याला खेळणारे टिल्ट म्हणतात. मला तो शब्द ऐकून जास्तच राग यायचा. मी शांत होतो, असं मला ठाम वाटायचं. चूक बाहेरच होती.

आधी मला नेटवर संशय आला. मग समोरच्यांवर, की त्यांना भिंतीआडचं दिसतं. मग खेळावरच, की हा आम्हाला मुद्दाम तगड्या लोकांसमोर टाकतो. समोर एकच संघ तीनदा आला तेव्हा माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळला. यांना आमची वेळ कोण सांगतं?

त्याच आठवड्यात मला तो हिरवा ठिपका दिसला. मित्र म्हणाला होता, "पाचपर्यंत शेतात आहे यार, त्याआधी नाही जमणार." साडेचारला मी खेळ उघडला तर यादीत त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. म्हणजे तो आत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी चार वाजल्यापासून पाळतच ठेवली. साडेचार झाले, ठिपका लागला. मला बरं वाटलं, हे आज कबूल करायला हवं. चोर सापडल्यासारखं बरं वाटलं.

अकरावी मॅच हरल्यावर मी हेडफोन काढून त्याला सरळ फोन लावला.

"तू दुसऱ्या टीममध्ये खेळून राहिला का?"

"काय?"

"साडेचारला कुणाबरोबर असतो? आणि राउंडमध्ये मागे उभा राहतो, एक शब्द बोलत नाही, मला एकट्याला मरू देतो. मी आंधळा नाही."

तो म्हणाला, "तुले काय वाटतं, मी मुद्दाम हरतो?" आणि फोन ठेवला. आमच्यासमोर तो असं बोलत नसे. चिडला की घरची बोली यायची.

ताई समोर वह्या तपासत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "पुरावा आण. मॅचचं रेकॉर्डिंग खेळात साठतं ना? तीन मॅच बघ. पण आज नाही, उद्या सकाळी, चहा झाल्यावर. आणि प्रत्येक राउंडला लिही, पहिला कोण मेला, कुठे, का."

"त्याचीच करामत निघेल," मी म्हणालो.

"मग निघू दे."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो ते त्याला पकडायलाच. रेकॉर्डिंगमध्ये कुणाच्याही नजरेनं मॅच बघता येते, म्हणून मी पहिल्यापासून त्याचीच नजर लावली. पहिला राउंड, पहिला मेलो मी. दुसरा राउंड, पुन्हा मी, त्याच दारात, ज्यानं मला आधी मारलं त्याच्यामागे धावताना. तिसऱ्यात तो दाराकडे येत होता, माझ्यापर्यंत पोचायला चार-पाच पावलं उरली होती, आणि मी तोवर आडवा. मग तो आणि ताई तिघांसमोर, आणि राउंड गेला. माझ्या पडद्यावरून तो मागे उभा दिसायचा, कारण मी वळून बघायचो तेव्हा मी आधीच मेलेला असायचो.

मी आणखी दोन मॅच बघितल्या. हरलेल्या एकवीस राउंडपैकी चौदामध्ये पहिला मी होतो, आणि दिवसातल्या तिसऱ्या मॅचमध्ये सगळ्यात जास्त वेळा. तरी माझा संशय जाईना. मी वही ताईपुढे टाकली.

"ठीक आहे, मी घाई केली. पण तो मला थांब तरी म्हणू शकत होता!"

ताईनं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "तो प्रत्येक राउंडला म्हणतो. थांब, मी येतो, थांब. तुला ऐकू येत नाही?"

मी खेळाच्या सेटिंग उघडल्या. त्याच्या नावापुढे आवाज बंद होता. चार-पाच दिवसांपूर्वी एका हरलेल्या मॅचमध्ये तो बोलत होता, मला कटकट वाटली आणि मी त्याला गप्प केलं होतं. आणि विसरलो होतो. नंतर त्याची शांतता हाच मला त्याच्या विरुद्धचा पुरावा वाटत होता.

"आणि साडेचारचा ठिपका?" मी विचारलं. खरं तर अजून एक आशा होती.

"मीच सांगितलंय त्याला. मॅचआधी अर्धा तास खेळातल्या सराव-मैदानात नेम लावायचा. पंपाच्या खोलीजवळ त्याला रेंज मिळते, तिथे जाऊन करतो. तुलाही सांगितलं होतं."

"आणि तोच संघ तीनदा?"

"आपल्या रँकला त्या वेळेला किती लोक खेळत असतील? तेच तेच येणार."

मी त्याच दुपारी धूलकोटची बस धरली. तो केळीच्या बागेत पाण्याच्या नळ्या बघत होता. मी सगळं सांगितलं, आवाज बंद केल्याचंही. तो लगेच हसला वगैरे नाही.

"ताईनं पाठवलं ना तुला?"

"नाही."

"खरं सांग." तो माझ्याकडे असा बघत राहिला, की पहिल्यांदा मला कळलं, आपल्यावर संशय घेतला की आत कसं होतं. मी त्याला वही दाखवली. त्यानं पान न पान वाचलं. मग म्हणाला, "इथे नवव्या राउंडला माझीच चूक आहे. लिहिली नाही तू."

त्या दिवसापासून ताईचे नियम मी पाळले, आवडून नाही, भीतीनं. खेळायच्या आधी सराव. आवाज तिघांचेही चालू आहेत ना, ते तपासायचं. सलग दोन मॅच हरलो की फोन ताईच्या कपाटावर आणि मी नदीवरच्या राजघाटापर्यंत पायी. सुरुवातीला रस्ताभर मी मनातल्या मनात समोरच्यांना शिव्याच घालायचो. परत येताना कमी व्हायच्या. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी, एकच मॅच, आणि वहीत फक्त स्वतःची चूक. दुसऱ्याचं नाव लिहिलं की ताई ते पान फाडायची.

गेलेली रँक परत यायला दोन महिने लागले. पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा सलग हार सुरू झाली, सात मॅच, पण चार दिवसांत विभागून. मी लिहीत गेलो. आणि तरी दुसरी मॅच हरल्यावर, चप्पल पायात घालताना, मनात पहिला प्रश्न हाच यायचा, की आज कुणी काय केलं? उत्तर मिळायच्या आत मी जिना उतरलेला असायचो.